मोडी वहीच्या फोटोंतले न लागलेले शब्द: तपासनिसांना द्यायचं टिपण कसं लिहावं?

सायली_गुहागर

नमस्कार. आमच्या खापरपणजोबांची जमाखर्चाची एक मोडी वही गावच्या घरात सापडली. गणपतीत चुलतभाऊ गेला होता, त्याने मोबाइलवर २२ फोटो काढून पाठवले. घर आता बंद आहे आणि वही माळ्यावरच्या पेटीत परत गेली. मे महिन्यापर्यंत कुणी तिकडे जाणार नाही, त्यामुळे जे आहे ते फोटोंतच.

मी तीन वर्षांपासून मोडी वाचते. सगळ्या पानांचं बाळबोधीत लिप्यंतर केलं. मला शिकवणारे सर ते तपासून द्यायला तयार आहेत, पण त्यांचे डोळे आता थकलेत. ते म्हणाले, "सगळं नको पाठवूस. जिथे अडलीस त्या जागा आणि तिथे काय केलंस, एवढं एका कागदावर दे." तसं हे टिपण केलं आहे:

> आदरणीय सर, सा. न. वि. वि.
> सोबत २२ फोटो आणि लिप्यंतर. अडलेल्या जागा अशा:
> फोटो १, ओळ १: शके १७८? शेवटचा आकडा १ की ९ ते कळत नाही. ९ घेतला. सन १८६७.
> फोटो ७, ओळ ४: रक्कम १। की १॥. पान दुमडलेलं आहे. १॥ घेतली.
> फोटो ९, ओळ ११: 'आबा मजुरी' की 'आंबा मजुरी'. डोक्यावर टिंब दिसतं. 'आंबा' घेतलं.
> फोटो १४, ओळ ६: 'त्यास काळी' की 'त्या सकाळी'. 'त्या सकाळी' घेतलं.

आणखी पाच-सहा जागा आहेत, पण त्या किरकोळ. एवढं पुरेल का? त्यांचा वेळ वाया जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

दप्तरदार

सायलीताई, जागा अचूक दिल्यात, ओळही दिलीत, ते चांगलं केलंत. पण चारही ठिकाणी 'घेतलं' एवढंच आहे. का घेतलं, ते एकाही ठिकाणी नाही. तपासणाऱ्याला तुमचा निर्णय मान्य करायचा असतो किंवा मोडायचा असतो, आणि दोन्हीसाठी त्याला कारण लागतं. नाहीतर सरांना प्रत्येक जागी तुम्ही केलेलं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

पहिल्या जागेपासून सुरू करू. ९ का घेतला?

सायली_गुहागर

खरं सांगायचं तर आकड्याचं पोट थोडं मोठं वाटलं म्हणून. पण त्याच ओळीत पुढे 'प्रभवनाम संवत्सरे कार्तिक शुद्ध १' असं स्वच्छ वाचता येतं.

दप्तरदार

मग खरं कारण तुमच्या हातातच आहे! आकड्याच्या पोटावरून मी १ आणि ९ मध्ये कधीच निवाडा करणार नाही. घाईत लिहिणाऱ्याचा हात दर पानाला बदलतो.

शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा. जी बाकी उरेल तितकावं संवत्सर. १७८९ अधिक १२ म्हणजे १८०१, बाकी १, म्हणजे प्रभव. १७८१ अधिक १२ म्हणजे १७९३, बाकी ५३, म्हणजे सिद्धार्थी. तुमच्या पानावर प्रभव आहे, तेव्हा ९. टिपणात 'संवत्सराच्या नावावरून' हे दोन शब्द आले की सर तिथे थांबणारसुद्धा नाहीत.

काटेकोर

यात आणखी एक गोष्ट पदरात पडते. प्रभव पुन्हा यायला ६० वर्षं लागतात. म्हणजे आसपासचे प्रभव शके १७२९, १७८९ आणि १८४९. उद्या कुणी ८ च्या आकड्यावर शंका काढली तरी तो ८ च राहतो, कारण १७७९ किंवा १७९९ या शकांत प्रभव बसतच नाही. एका नावाने दोन आकडे पक्के झाले.

इंदूरकर_आप्पा

माझा अनुभव उलटा आहे. आमच्याकडे माळव्यातले काही कागद आहेत, त्यांत विक्रम संवत आहे आणि संवत्सराचं नावही आहे. या पद्धतीने गणित केलं तर नाव जुळतच नाही. मी तर कागदच खोटा असावा असं धरून बसलो होतो.

दप्तरदार

आप्पा, कागद खोटा धरू नका. उत्तरेकडे संवत्सरं गुरूच्या गतीवरून मोजतात आणि मधूनच एखादं नाव गळतं. त्यामुळे तिथलं नाव आणि आपल्याकडचं नाव यांत आज बरंच अंतर पडलं आहे. वरचं गणित नर्मदेच्या दक्षिणेकडचं. सायलीताईंचा कागद कोकणातला आहे, तिथे शंका नाही. पण आप्पांसारख्या कागदाच्या टिपणात कोणती गणना धरली तेही लिहायला हवं.

पंचांगी

शकात ७८ मिळवले की इसवी सन. १७८९ + ७८ = १८६७. सायलीने बरोबर लिहिलंय. तो मुद्दा संपला, पुढे चला.

काटेकोर

पहिल्या पानापुरतं बरोबर. कार्तिक शुद्ध १ म्हणजे दिवाळीचा पाडवा, तो १८६७ च्या ऑक्टोबरात येतो. पण शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन बदलतो जानेवारीत. जानेवारीपासून, म्हणजे साधारण पौषापासून, फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. सायली, फोटो ९ वर कोणता महिना आहे?

सायली_गुहागर

माघ वद्य ५. अरे देवा. मी लिप्यंतराच्या प्रत्येक पानावर मथळ्यात सन १८६७ टाकलंय.

काटेकोर

मग माघाच्या पानांवर १८६८ करा. आणि माझं ऐकाल तर मथळ्यातून इसवी सन काढूनच टाका. वहीत तो नाही. तो तुम्ही काढलेला आहे, तेव्हा त्याची जागा टिपणात.

सायली_गुहागर

पटलं. काढते. आता फोटो ७ ची रक्कम. तिथे माझ्याकडे कारण आहे, फक्त लिहिलं नाही. त्या पानावर तीन रकमा आहेत. पहिली ३॥, दुसरी २।, तिसरी अडलेली. खाली बेरीज ७। आहे. साडेतीन आणि सव्वादोन मिळून पावणेसहा. सव्वासात व्हायला दीड लागतात. म्हणून १॥.

पंचांगी

झालं की! बेरीज जुळली म्हणजे अक्षर वाचलं. यात सरांना विचारायचं काय उरलं?

दप्तरदार

पंचांगी, इथे मी थांबवतो. बेरीज जुळली म्हणजे बेरीज जुळली. अक्षर वाचलेलं नाही. दुमडीच्या काळोखात एक उभी रेघ आहे की दोन, हे अजूनही कुणाला दिसलेलं नाही. लिहिणाराही माणूस होता, त्याची बेरीज चुकलेली असू शकते, आणि जुन्या वह्यांत अशा चुका मी पुष्कळ पाहिल्यात. समजा त्याने सव्वा रुपयाच दिला असेल आणि बेरजेत चार आणे चुकला असेल, तर आपण त्याची चूक पुसून टाकली.

तेव्हा सायलीताई, दोन गोष्टी पाहा. ३॥ आणि २। या रकमा त्या पानावर स्वतंत्रपणे स्वच्छ दिसतात का? आणि बेरजेचा ७। हा आकडा दुमडीच्या बाहेर आहे ना? तोही काळोखात असेल आणि तुम्ही तो १॥ धरून वाचला असेल, तर ते गोल फिरणं झालं.

सायली_गुहागर

दोन्ही रकमा स्वच्छ आहेत. बेरीज पानाच्या डाव्या अंगाला आहे, उजेडात. शिवाय फोटो ८ च्या डोक्यावर 'मागील पानावरून ७।' असं पुन्हा लिहिलंय.

दप्तरदार

उत्तम. मग टिपणात असं लिहा: 'रेघा दिसत नाहीत. बेरीज ७। वरून १॥ धरली. तीच बेरीज फोटो ८ वर पुढे ओढली आहे.' आणि लिप्यंतरात तो १॥ चौकोनी कंसात टाका. वाचलेलं उघडं, आणि अनुमानाने घातलेलं कंसात. पुढे वही प्रत्यक्ष कुणाच्या हाती आली तर त्याला नेमकं कुठे पाहायचं ते कळेल.

बांधावरचा

माझा थोडा वेगळा प्रश्न आहे. आमच्याकडे जमिनीचा एक मोडी कागद आहे, भाऊबंदकीचा दावा चालू आहे. असं टिपण जोडून लिप्यंतर दिलं तर कोर्टात चालेल का?

काटेकोर

नाही. हे टिपण दोन अभ्यासकांमधलं आहे. दाव्याला मूळ कागद लागतो आणि मोडी जाणणाऱ्या अधिकृत माणसाने स्वतःच्या सहीने केलेलं लिप्यंतर लागतं. तुमच्या वकिलांना विचारून तसा माणूस गाठा. आणि दाव्याच्या कागदात कंसातलं अनुमान कुणाला घालू देऊ नका. न लागलेला शब्द न लागलेलाच राहू द्या.

मृण्मयी_स

फोटो ९ मधल्या 'आंबा'बद्दल. ते टिंब शाईचं आहे हे कशावरून? माझ्या आजीच्या वहीत अशी टिंबं पानोपानी होती. ती सगळी कसरीने पाडलेली भोकं निघाली. फोटोत मागचं अंधारं पान भोकातून दिसतं आणि ते थेट शाईच्या ठिपक्यासारखं वाटतं.

ओळखायची सोपी रीत आहे. त्याच पानाच्या पाठीचा फोटो घ्या आणि मोबाइलमध्ये आडवा उलटा करा, आरशात दिसतो तसा. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून पानाच्या कडेपासूनचं अंतर पाहा. भोक असेल तर दोन्हीकडे एकाच जागी ठिपका येतो. शाई असेल तर पाठीवर काहीच नसतं, किंवा शाई झिरपून फिकट डाग असतो. भोकाची कड तीक्ष्ण दिसते, झिरपलेल्या शाईची पसरट.

सायली_गुहागर

आत्ताच करून पाहिलं. फोटो १० हीच पाठ. उलटा केला आणि ठिपका बरोब्बर त्याच जागी आला, तेवढाच काळा, कड तीक्ष्ण. भोकच आहे! म्हणजे 'आबा'. धन्यवाद मृण्मयी, हे मला अजिबात सुचलं नव्हतं.

दप्तरदार

मृण्मयीताईंची रीत अगदी बरोबर. पण 'म्हणजे आबा' एवढ्यावर नका जाऊ. भोक आहे म्हणून ठरलं ते इतकंच, की अनुस्वार लिहिलेला नाही. मोडी लिहिणारे अनुस्वार सर्रास गाळतात. त्यामुळे 'आबा' लिहून 'आंबा' म्हणायचं असेल, हे अजून शक्य आहेच.

पंचांगी

माघात कोकणात आंबा कुठला? मोहोर असतो. फळ उतरायला चैत्र-वैशाख उजाडतो. म्हणून आबाच.

बांधावरचा

मजुरी फळाचीच असते असं नाही हो. थंडी सरता सरता लाकूड तोडतात. आंब्याच्या फळ्या पाडायची मजुरी असू शकते. आमच्याकडे अजून माघ-फाल्गुनातच कापतात, पावसाआधी सुकायला.

सायली_गुहागर

दोघांचंही वाचून मी 'मजुरी' शब्द सगळ्या वहीत शोधला. फोटो ११, १२ आणि १६ वर 'आबा गुरव मजुरी ।' असं तीनदा आलंय, आणि तिथे ठिपका नाही. अक्षरही त्याच हाताचं. फोटो ९ वर 'गुरव' शब्द नाही, पण रक्कम तीच, चार आणे.

दप्तरदार

आता मी 'आबा' म्हणेन. वहीतल्या वहीत मिळालेला पुरावा मला ऋतूपेक्षा आणि लाकडापेक्षा जवळचा वाटतो. टिपणात हे तिन्ही फोटो नावानिशी द्या.

आणि एक विनंती, 'फोटो ११' असं लिहू नका. व्हॉट्सअॅपवरून फोटो पुढे गेले की नावं बदलतात आणि क्रम हलतो. सरांच्या मोबाइलवरचा अकरावा फोटो तुमचा अकरावा असेलच असं नाही. फाइलचं नाव लिहा आणि पानाची पहिली दोन-तीन अक्षरंही लिहा. नाव बदललं तरी पान सापडेल.

मृण्मयी_स

आणि भावाकडून फोटो पुन्हा मागवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल येते. कॅमेऱ्यातला स्कॅन प्रकार मात्र वापरायचा नाही. तो पान काळं-पांढरं करतो आणि फिकट मात्रा पार धुऊन टाकतो.

सायली_गुहागर

मागवले. संध्याकाळी येतील. आता शेवटची जागा, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून ओळ अशी दिसते:

> गणूसबोलावूनत्यासकाळीदिल

शेवटच्या 'ल'वरची मात्रा दुमडीत गेली आहे. 'दिले' असेल तर 'गणूस बोलावून त्या सकाळी दिले', म्हणजे आधीच्या ओळीतले दोन रुपये. 'दिली' असेल तर 'त्यास काळी दिली', म्हणजे काळी गाय. आधीच्या ओळीत रुपयांचा उल्लेख आहे, म्हणून मी 'त्या सकाळी' घेतलं. शिवाय फोटो १९ वर, म्हणजे महिनाभराने, 'काळीस पेंड' असा खर्च आहे. काळी घरीच आहे, मग ती गणूला दिलेली नाही.

काटेकोर

हे मला पुरेसं वाटतं. दोन पुरावे एकाच बाजूला आहेत.

बांधावरचा

मला नाही वाटत. गाय 'दिली' म्हणजे विकली किंवा दान केली, असं शहरातली माणसं धरतात. आमच्याकडे गुरं अर्धेलीने देतात. गाय दुसऱ्याच्या गोठ्यात जाते, तो सांभाळतो, वासरात नाहीतर किमतीत अर्धा वाटा. अशा गाईच्या पेंडीचा खर्च मूळ मालकाने दिल्याचं मी स्वतः पाहिलंय. तेव्हा महिनाभराने पेंडीचा खर्च आला म्हणून काळी घरातच होती, हे सिद्ध होत नाही.

सायली_गुहागर

हे मला माहीतच नव्हतं. गणूचं नाव पुढे दोनदा येतं, पण दूध किंवा वासरू याबद्दल काही नाही.

दप्तरदार

बांधावरच्या दादांनी मोलाची गोष्ट सांगितली. ही जागा उघडी ठेवा. टिपणात दोन्ही वाचनं लिहा, दोन्हींची कारणं लिहा, आणि लिप्यंतरात 'त्यासकाळीदिल…' असं सलग, वहीत आहे तसं ठेवा. न लागलेली जागा जोडून लिहिली तर वाचणारा थांबतो. तोडून लिहिली की निर्णय आपोआप होऊन जातो.

माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. अशा जागी सरांना तुमचं वाचन आधी दाखवू नका. आधी फक्त फोटो आणि ओळ द्या. त्यांनी त्यांचं वाचन लिहिलं की मग तुमचा कागद उघडा. तुमचं 'त्या सकाळी' एकदा डोळ्यांसमोर आलं की त्यांनाही तेच दिसायला लागेल. मी स्वतः असा फसलो आहे. एका सहकाऱ्याने 'वाडा' म्हणून पाठवलेला शब्द मी दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा 'वाडा'च वाचला. वर्षभराने मूळ कागद हाती आला, तो 'वाटा' होता.

मृण्मयी_स

दप्तरदार, तत्त्व म्हणून मान्य. पण सरांचे डोळे थकलेत, हे सायलीने पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय. त्यांना दहा जागा कोऱ्या मनाने वाचायला लावायच्या आणि मग दुसरा कागद उघडायचा, म्हणजे काम दुप्पट. त्यांनी स्वतःच 'काय केलंस ते लिही' म्हटलंय. मी असते तर सगळं एकाच कागदावर दिलं असतं.

दप्तरदार

मग निदान फोटो १४ ची ती एक ओळ तरी वेगळी द्या. बाकीच्यांना पुरावा आहे, तिथे माझा आग्रह नाही.

काटेकोर

मला मृण्मयींचं पटतं. ज्यांच्यापाशी शिकलो त्यांच्यापासून आपलं वाचन झाकून ठेवायचं, हे मला जमणार नाही. पण दप्तरदारांचा 'वाटा'ही विसरता येत नाही.

सायली_गुहागर

रात्री मूळ फाइली आल्या. बऱ्याच मोठ्या आहेत. फोटो ७ मोठा करून पाहिला, तर दुमडीच्या काठावर दुसऱ्या रेघेचं टोक दिसतं. वरचं टोकच, पण दिसतं. १४ ची मात्रा मात्र दुमडीत पूर्ण गेली आहे, काहीच दिसत नाही.

टिपण पुन्हा लिहिलं:

> आदरणीय सर, सा. न. वि. वि.
> लिप्यंतरात चौकोनी कंसात जे आहे ते दिसलेलं नाही, अनुमानाने घातलं आहे.
> IMG_2031, पानारंभ 'श्री शके': शेवटचा आकडा १ किंवा ९ असा दिसतो. पुढे 'प्रभवनाम संवत्सरे' स्वच्छ आहे, त्यावरून ९. इसवी सन मथळ्यातून काढला. कार्तिकातलं पान १८६७ चं, माघातली १८६८ ची.
> IMG_2037, ओळ ४: १॥. दुसऱ्या रेघेचं फक्त वरचं टोक दिसतं. बेरीज ७। शी जुळते, तीच IMG_2038 वर पुढे ओढली आहे.
> IMG_2039, ओळ ११: 'आबा मजुरी'. वरचा ठिपका भोक आहे, पाठीच्या फोटोत (IMG_2040) त्याच जागी येतो. 'आबा गुरव मजुरी' IMG_2041, 2042 आणि 2046 वर.
> IMG_2044, ओळ ६: ही ओळ लागली नाही. माझी दोन वाचनं आणि कारणं वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. आपण आधी ओळ पाहावी, मग पाकीट उघडावं, किंवा आपल्याला सोयीचं वाटेल तसं करावं.

पाकिटाचं सरांवरच सोपवलं. १॥ चं काय करू, कंस काढू का?

दप्तरदार

टोक दिसतं ना? मग कंस काढा, आणि टिपणात जे लिहिलंत ते तसंच राहू द्या. पाकिटाची कल्पना आवडली.

मृण्मयी_स

मे महिन्यात भाऊ गेला तर त्याला एवढंच सांग: १४ ची दुमड बोटाने दाबून उघडायची नाही. इतक्या जुन्या कागदाला दुमडीवरच चीर जाते. वही सकाळी खिडकीशी ठेवायची, उजेड एका बाजूने यायला हवा, फ्लॅश बंद. दुमडीखाली पातळ पोस्टकार्ड हलकेच सरकवलं तर मात्रेपुरती फट मिळते. पान चिकटलेलं वाटलं तर तिथेच थांबायचं आणि आहे तसाच फोटो काढायचा.

सायली_गुहागर

पोस्टकार्ड आत्ताच त्याच्या बॅगेत टाकायला सांगते.